नवव्या स्लाइडचा कर्ता

आमच्या ऑफिसात 'फायनल' या शब्दाला काही किंमत उरलेली नाही. माझ्या कॉम्प्युटरवर एकाच प्रेझेंटेशनच्या 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल नवीन' आणि 'हीच फायनल' अशा चार फायली सुखाने नांदतात. त्यातली खरी कोणती हे फक्त मला माहीत असतं, आणि अलीकडे कधी कधी मलाही नसतं.

कळमन्याच्या बाजारापासून बरंच पुढे सोयाबीनच्या तेलाचा एक कारखाना आहे. तिथल्या सेफ्टी विभागात मी गेली सतरा वर्षं बसते. हुद्दा काहीही लिहिलेला असो, काम एकच, साहेबांसाठी प्रेझेंटेशनं करायची. सेफ्टी सप्ताहाचं, ऑडिटचं, महिन्याच्या कमिटीचं. कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी असतात म्हणून आमच्या स्लाइडा मराठीत असतात. मनीषनगरहून रोज शहर ओलांडून इथे यायचं, एसीखाली बसून स्लाइडांचे चौकोन सरळ करायचे आणि संध्याकाळी वाकडी मान घेऊन परत जायचं. मुलगी विचारते, "आई, तू करतेस काय नक्की?" मी म्हणते, "लोकांनी केलेलं आणि न केलेलं नीट मांडते."

फायलींना लावायच्या कुलपांचा विषय मला चांगला माहीत होता, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे माझी कीव करायला कोणी नको. फाईल, मग इन्फो, मग 'प्रोटेक्ट प्रेझेंटेशन'. तिथे सगळी यादी येते. पासवर्ड घालून फाईल बंद केली की पासवर्डाशिवाय ती उघडतच नाही, आणि तो विसरलात तर कंपनीचा मालक आला तरी उघडत नाही. दुसरं, 'सेव्ह अ‍ॅज' करताना टूल्समध्ये जनरल ऑप्शन्स म्हणून एक जागा आहे, तिथे दोन खिडक्या येतात. एक उघडण्याचा पासवर्ड, एक बदल करण्याचा. दुसऱ्या खिडकीत पासवर्ड घातला की बाकीच्यांना फाईल नुसती वाचता येते. आणि यादीत एक 'मार्क अ‍ॅज फायनल' आहे. ते केलं की वर पिवळी पट्टी येते, लेखकाने ही फाईल अंतिम ठरवली आहे असं ती सांगते, आणि सगळी बटणं मुकी होतात. पण त्या पिवळ्या पट्टीवरच शेजारी एक बटण असतं. 'एडिट एनीवे'. ते दाबलं की पट्टी जाते आणि बटणं पुन्हा बोलायला लागतात. पासवर्ड नाही, विचारपूस नाही. पंगतीत 'पुरे' म्हणत पानावर आडवा हात धरावा आणि वाढणाऱ्याने बाजूने वाढून जावं, तेवढंच त्याचं बळ.

'रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस' म्हणूनही एक आहे. कोणी बघायचं, कोणी बदलायचं, हे त्यात माणसागणिक ठरवता येतं. मी आयटीवाल्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, त्याचं लायसन्स वेगळं लागते, आपल्याकडे नाही आहे." विषय संपला.

एवढं ठाऊक असून मी यावर्षी नेमकं काय केलं, ते सांगण्याआधी मागच्या वर्षीची एक फजिती सांगावी लागेल. साहेबांना बाहेरच्या पाहुण्यांसमोर सेफ्टी सप्ताहाचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं. मी मोठ्या शहाणपणाने उघडण्याचा पासवर्ड घातला, कागदावर लिहून दिला, सगळी अक्षरं लहान, आकडा नाही, काही नाही. हॉलमध्ये साहेबांनी तो टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. मला फोन. मी एकेक अक्षर सांगितलं. चूक. पाहुणे चहा पिऊन राहिले होते, साहेब माझ्याशी दबक्या आवाजात बोलून राहिले होते, आणि शेवटी त्यांनी स्लाइडांविना अर्धा तास भाषण ठोकलं. माझ्याच कॉम्प्युटरवर माझीच फाईल मलाही उघडेना. दुपारी डबा खाताना डोक्यात ट्यूब पेटली. स्लाइडा मराठीत, म्हणून माझा कीबोर्ड मराठीवर होता. पासवर्डाच्या खिडकीत नुसते काळे ठिपके दिसतात. मी बोटांनी इंग्रजी अक्षरं दाबली, आत गेली देवनागरी. कॉम्प्युटरने खात्रीसाठी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तीच देवनागरी, त्यामुळे त्यानेही मान डोलावली. कीबोर्ड मराठीवर केला, तीच बटणं दाबली, फाईल उघडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेब चिडले नाहीत, ते त्याहून वाईट. ते म्हणाले, "मॅडम, यापुढे पासवर्ड-फासवर्ड काही नको. मार्क अ‍ॅज फायनल करा आणि पाठवा. आपल्या फायली कोण कशाला बदलते?" मीही कानाला खडा लावला. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

यावर्षी एका कंत्राटी फिटरचा हात भाजला.

वाफेच्या लाइनवरचा एक व्हॉल्व्ह गळत होता आणि त्याचं गॅस्केट, म्हणजे जोडातली चकती, बदलायची होती. असं काम करायचं तर आधी परमिट काढावं लागतं. परमिट देणाऱ्याने लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून घ्यायचा, त्याला कुलूप लावायचं, टॅग अडकवायचा, आणि मग फॉर्मवर खूण करून सही करायची. त्या दिवशी उत्पादन विभागाच्या शिफ्ट इनचार्जने सही केली होती. खुणेचा चौकोन मोकळा होता. फिटरने बोल्ट सैल केले आणि वाफ बाहेर आली. उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत.

चौकशी आमच्या साहेबांनी केली आणि जबाब मी लिहिले. तो परमिटचा फॉर्म मी स्वतः हातात घेऊन बघितला. चौकोन रिकामा, खाली ठसठशीत सही, तारीख, वेळ. मी साहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि फॉर्म फायलीत ठेवला.

"फोटो टाकू का स्लाइडवर?" मी विचारलं.

"नको. फोटो टाकला की सही दिसते. सही दिसली की माणूस दिसतो. आपल्याले माणूस नाही दाखवायचा, पद्धत दाखवायची आहे."

साहेब वाईट माणूस नाहीत. उत्पादनवाल्यांशी त्यांना रोज काम असतं, आणि सेफ्टीवाल्याला कारखान्यात कोणी आवडीने चहा पाजत नाही. मी चौदा स्लाइडा केल्या. नववी स्लाइड कारणाची. तिथे मी लिहिलं, 'काम सुरू करण्यापूर्वी लाइन बंद केल्याची खात्री केली गेली नव्हती.' साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "हे बेस्ट. असंच राहू द्या."

सतरा वर्षांत मी अशी हजार वाक्यं लिहिली असतील. 'सूचना दिली गेली नव्हती.' 'तेल सांडलेले आढळून आले.' 'हेल्मेट वापरले गेले नाही.' ऑफिसच्या मराठीत कामं आपोआप होतात आणि आपोआप राहून जातात, करणारा कुठेच नसतो. शाळेत आमच्या बाई विचारायच्या, वाक्यातला कर्ता ओळखा. माझ्या स्लाइडांवर त्या बाईंनी हात टेकले असते. मला वाटायचं ही माझी हुशारी आहे. कोणाचं मन दुखत नाही, कोणाचा फोन येत नाही, आणि मी पाचच्या बसला वेळेवर असते.

कमिटीच्या आठवडाभर आधी तो फिटर आमच्याकडे आला. चाळिशीचा असेल, खापरखेड्याकडून येणारा, सावळा, हाताला पांढरी पट्टी, हात गळ्यात अडकवलेला. गेटपासची मुदत संपत आली होती. कंत्राटी माणसाला दर सहा महिन्यांनी नवा पास लागतो, आणि पास नाही तर गेटच्या आत पाय नाही. एचआरने त्याला सांगितलं होतं की रिपोर्ट फायनल होऊन कमिटीत येऊ दे, मग बघू. चूक त्याची निघाली तर पास बंद. कंत्राटदारही तेच म्हणाला होता. म्हणजे त्याचं सगळं आमच्या चौदा स्लाइडांवर अडकलं होतं, आणि हे त्याला पक्कं कळलेलं होतं.

"ताई, त्याच्यात काय लिहून राहिले तुम्ही माझ्याबद्दल? मले वाचून दाखवा ना."

असं वाचून दाखवायचं नसतं. मी दाखवलं. नवव्या स्लाइडवर आल्यावर सावकाश वाचलं.

तो स्क्रीनच्या जवळ वाकला. "खात्री केली गेली नव्हती. म्हंजे कोनं नाही केली?"

"अहो, परमिट देणाऱ्याचंच काम असतं ते. सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत आहे तं लिहिलं काहून नाही?"

"असंच लिहितात हो."

त्याने मान हलवली. शिकलेली माणसं काहीतरी वेगळ्या पद्धतीने लिहितात हे त्याने मान्य केल्यासारखं. "पण हे फायनल आहे ना? बदलणार तं नाही ना कोनी?"

"फायनल आहे," मी म्हणाले.

तेव्हा मी बटण दाबलंसुद्धा नव्हतं.

मंगळवारी साहेबांनी सांगितलं, आज सगळ्यांना पाठवून द्या. उत्पादन, एचआर, कंत्राटदार, कमिटीचे मेंबर. सोबत एक काम, तेराव्या स्लाइडवर पुढच्या कामांचा तक्ता होता, त्यात प्रत्येक विभागाने आपापली तारीख भरायची. दुपारचे साडेतीन झाले होते. बाहेर ऊन इतकं की खिडकीच्या काचेचा हाताला चटका बसत होता, आणि माझे गुडघे सकाळपासून ठणकत होते.

मी त्या वेळी काय विचार केला हे मला अगदी नीट आठवतं. बदलाचा पासवर्ड घालावा का, हा विचार आला. पण पासवर्ड असतो अख्ख्या फाईलला. तेरावी उघडी आणि नववी बंद असं करता येत नाही. तारखा भरायला विभागांना पासवर्ड द्यावा लागणार, आणि ज्याला तेरावी बदलता येईल त्याला नववीही येईल. मग दुसरा रस्ता हा, की फाईल बंद करून पाठवायची आणि खाली लिहायचं, आपापल्या तारखा मला मेलने कळवा, मी भरते. म्हणजे पाच विभागांना पाच मेल, पाचांना तीनदा फोन, कोण सुटीवर, कोण म्हणणार माझी तारीख बदला, आणि तक्ता पुन्हा पुन्हा मीच भरायचा. दोन दिवस गेले असते. फक्त दोन दिवस. एवढ्याचा मला कंटाळा आला.

मी मार्क अ‍ॅज फायनल केलं. कॉम्प्युटरने विचारलं, ही फाईल अंतिम ठरवून सेव्ह करू का? मी हो म्हटलं. पिवळी पट्टी आली. मेलमध्ये लिहिलं, 'तेराव्या स्लाइडवर तारीख भरण्यासाठी वरच्या पट्टीवरील एडिट एनीवे दाबावे.' कोणाला अडचण नको म्हणून बटणाचं नावसुद्धा मीच सांगितलं. मग पाठवून दिलं आणि बाटलीतलं कोमट पाणी प्यायले.

दोन दिवसांनी उत्पादन विभागाकडून फाईल परत आली, सगळ्यांना एकदम पाठवलेली. मेलमध्ये एकच ओळ, 'तारखा भरल्या आहेत, तसेच किरकोळ दुरुस्ती केली आहे.' मी फाईल उघडली. पट्टी नव्हती. ती नसणारच, मीच काढायला सांगितली होती. तेराव्या स्लाइडवर तारीख होती. मग किरकोळ दुरुस्ती शोधायला मी पहिल्यापासून निघाले. नववीवर थांबले.

'काम सुरू करण्यापूर्वी कामगाराने लाइन बंद केल्याची खात्री केली नव्हती.'

एक शब्द वाढला होता आणि एक गळला होता. फाँट तोच, आकार तोच, रंग तोच. बदलणाऱ्याने काम सुबक केलं होतं, एवढं मी सतरा वर्षांच्या अनुभवाने सांगते.

इन्फोमध्ये शेवटचा बदल कोणी केला ते दिसतं. तिथे कॉम्प्युटरचं नाव होतं, 'उत्पादन दोन'. तो कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर. त्याच्यावर तिन्ही शिफ्टची माणसं बसतात. म्हणजे तिथेही कर्ता नव्हता.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी वाचली. नंतर म्हणाले, "आता सगळ्याकडे हेच गेलं आहे, मॅडम. मी जुनं पाठवलं तर ते म्हणतील सेफ्टीवाले भांडण उकरून राहिले. कमिटीत बघू."

"कमिटीत कोण बोलणार, साहेब?"

"बघू न."

मला राग आला आणि तो साहेबांवर काढता आला नाही, कारण अर्धा माझ्यावरच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी हे आपण नेहमी दुसऱ्यांबद्दल म्हणतो. फाशीचा दोर कोणी वळून दिला ते कोणी विचारत नाही.

कमिटी शनिवारी अकराला. मी मेंबर नाही, मी लॅपटॉप चालवते. मोठ्या टेबलाच्या टोकाला, प्रोजेक्टरच्या वायरजवळ माझी खुर्ची. उत्पादनाचे साहेब आले, एचआरच्या मॅडम आल्या, कंत्राटदाराचा माणूस, कामगारांचे तीन प्रतिनिधी. कचोरी आणि चहा. आमच्या साहेबांनी 'नेक्स्ट, नेक्स्ट' म्हणत आठ स्लाइडा पार केल्या. नववी आली. ते थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. एचआरच्या मॅडमनी मोठ्याने वाचली आणि वहीत लिहून घेतलं.

"नेक्स्ट," साहेब म्हणाले.

मी नेक्स्ट केलं नाही. एस्केप दाबलं, ती फाईल बंद केली आणि माझी मूळ फाईल उघडली. पिवळ्या पट्टीसकट नववी स्लाइड पडद्यावर आली. मी म्हणाले, "सर, सर्क्युलेट केलेलं वाक्य हे होतं. नंतर बदललं आहे."

उत्पादनाच्या साहेबांनी पडद्याकडे बघितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले, तेही चांगल्या मनाने हसल्यासारखे.

"मॅडम, तुमच्या वाक्यात काय लिहिलं आहे? खात्री केली गेली नव्हती. कोणी? ते लिहिलंच नाही. आमच्या लोकाले वाटलं वाक्य अधुरं आहे, तं त्यानं पुरं केलं. काम कोण करून राहिला होता? कामगार. मग त्यात चूक काय झाली?"

"परमिटवर सही..." मी म्हणाले.

"परमिट कुठे आहे या प्रेझेंटेशनमध्ये?"

परमिट कुठेच नव्हतं. मी आमच्या साहेबांकडे बघितलं. ते चहाच्या कपात बघत होते. कामगारांच्या प्रतिनिधींपैकी एक म्हातारा मला म्हणाला, "ताई, तुमाले माहीत आहे तं सांगा ना, कोनं केली नाही खात्री." तेव्हा सांगायचं होतं. 'शिफ्ट इनचार्जने' एवढे दोनच शब्द. फॉर्म मी हातात धरला होता. पण सतरा वर्षांत ज्या तोंडातून कर्ता कधी निघाला नाही, त्या तोंडातून तो तेवढ्या क्षणात निघाला नाही. मी म्हणाले, "ते चौकशीच्या कागदांत आहे."

"मग कागद पुढच्या मीटिंगमध्ये ठेवा," एचआरच्या मॅडम म्हणाल्या. "शेवटचं जे सर्क्युलेट झालं तेच आज घेऊ." त्यांनी वहीतलं खोडलं नाही.

त्या दिवशी मी फाईल कोणत्या कुलपाने बंद केली असती याला काही अर्थ नव्हता, हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. पासवर्ड असता तर वाक्य जसंच्या तसं राहिलं असतं, एवढंच. रिकामी जागा रिकामी राहिली असती, आणि कोणीतरी ती तोंडाने भरली असती. मी कुलूप घालायला आळशी आणि लिहायला भित्री, दोन्ही एकाच वेळी होते. घरी येऊन मी स्वयंपाक केला नाही. मुलीने मॅगी केली. मी खाल्ली आणि झोपले.

पुढच्या बुधवारी दुपारी गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला. "मॅडम, तुमाले भेटायला कोनी आला आहे. आत सोडता येत नाही, पासची मुदत संपली आहे त्याच्या."

मी गेले. गेटच्या केबिनमध्ये, सिक्युरिटीच्या टेबलाशेजारी फिटर उभा होता. पट्टी निघाली होती. हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती. तो जुना पास जमा करायला आला होता.

"तुमी वाचून दाखवलं होतं ते दुसरंच होतं, ताई," तो म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं. "कमिटीतल्या आमच्या म्हाताऱ्यानं सांगतलं, तुमी मीटिंगमध्ये बोलल्या. जाऊ द्या. तुमच्या हातात नव्हतं."

मी हो म्हणून परत वळले असते तर तो काही बोलला नसता. तो स्वतःच मला दोषातून मोकळं करत होता. तेच मला सहन झालं नाही.

"माझ्याच हातात होतं," मी म्हणाले. "फाईल मला बंद करून पाठवता येत होती, मी नाही पाठवली. आणि वाक्यात नाव मला लिहिता येत होतं, मी नाही लिहिलं. परमिटचा फॉर्म मी बघितला आहे."

त्याला राग आला असावा, कारण जबडा हलला. मग तो पास टेबलावर ठेवत म्हणाला, "मग आता लिहून द्या."

"काय?"

"जे पायलं ते. वकिलाले दाखवतो, नाही तं कामगारवाल्या ऑफिसात देतो. ते कॉम्प्युटरवालं नको. कागदावर द्या."

सिक्युरिटीवाला दुसरीकडे बघायला लागला. माझ्या मनात पहिल्यांदा बस आली, मग पगार आला, मग मुलीचं शेवटचं वर्ष आलं, आणि मग साहेब. सगळे येऊन गेले तरी तो तिथेच उभा होता. मी सिक्युरिटीकडून व्हिजिटरच्या रजिस्टरचा मागचा कोरा कागद मागून घेतला. त्याने पेन दिलं, न बघता.

मी लिहिलं, 'शिफ्ट इनचार्जने लाइन बंद असल्याची खात्री न करता परमिटवर सही केली. खुणेचा चौकोन रिकामा आहे. तो फॉर्म मी स्वतः पाहिला आहे.' तीन ओळी. अक्षर वाईट आलं. खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे दिला.

त्याने डाव्या हाताने धरून ओठ हलवत वाचला. पहिली ओळ दोनदा वाचली. मग कागद परत माझ्यापुढे ठेवला आणि सहीखालच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

"तुमचं नाव बी लिहा, ताई. नुसत्या सहीवरून कोनं लिहिलं ते समजत नाही."

मी पेन पुन्हा उचललं आणि नाव लिहिलं, आडनावासकट, प्रत्येक अक्षर सुटं.